डब्यातले मऊ चुरमुरे

सुगंधानं डब्याचं झाकण उघडलं, मूठभर चुरमुरे उचलले आणि मूठ आवळली. आवाज आला नाही.

तिनं पुन्हा आवळली. चुरमुरे बोटांत नुसते दबले आणि सोडल्यावर हळूहळू परत फुगले, जुन्या उशीतल्या कापसासारखे. एक दाताखाली धरला. तो तुटेना. चामड्यासारखा ताणला गेला आणि दाढेला चिकटून बसला.

बाहेर आषाढाचा पाऊस नऊ दिवस एका सुरात पडत होता. भिंतींना ओल चढली होती, मीठ बरणीत पाझरलं होतं, काड्यापेटीतल्या पाच काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटायची. दुपारचे साडेबारा वाजले होते. तीन वाजता विलास टॉकीजचा खेळ सुरू व्हायचा होता, साडेचारला इंटरव्हल. आणि आज रविवार होता.

या रविवारची धास्ती तिनं गुरुवारपासून घेतली होती. गुरुवारी कुणीतरी हायस्कुलातले मास्तर भेळेचा पुडा हातात घेऊन सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले होते. "ही भेळ आहे की भिजवलेले पोहे?" असं ते एवढ्या मोठ्यानं बोलले की गेटापर्यंत ऐकू आलं. मग पोतनीस मॅनेजर छत्री घेऊन बाहेर आले. पोतनीस कधी ओरडत नसत, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

"बाई, चंद्राक्का बसायची तेव्हा सतरा वर्षांत एक तक्रार आली नाही. तुम्ही बसायला लागून दोन आठवडे नाही झाले, तर ही तिसरी."

"पाऊस लई हाय साहेब."

"पाऊस चंद्राक्काच्या वेळेलापण पडायचा. रविवारी मालक येणार आहेत, सांगलीचे पाहुणे घेऊन. इंटरव्हलला त्यांना इथली भेळ पाहिजे, त्यांनी पाहुण्यांना तसं सांगून ठेवलंय. ती जर अशी निघाली, तर सोमवारपासून या जागेवर एस.टी. स्टँडावरचा सोड्याच्या बाटल्यावाला बसेल. तो रोज विचारतोय मला."

गेटाजवळची ती जागा म्हणजे दोन हात लांबीचा ओटा आणि वर पत्र्याची पट्टी. पण सुगंधा आणि तिची सासू चंद्राक्का, दोघींच्या पोटात जे पडायचं ते त्या ओट्यावरून यायचं. सुगंधाचा नवरा निवृत्ती ट्रक घेऊन अणुस्कुऱ्याच्या घाटात गेला तो परत आलाच नव्हता, त्याला तीन वर्षं झाली होती. आणि पंधरा दिवसांपूर्वी चंद्राक्का मोरीच्या शेवाळावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. आता ती माजघरात खाटेवर पडून असायची आणि छताकडे बघत एकेक गोष्ट विचारायची.

आत्ताही तिनं विचारलं, "सुगंधा, चुरमुरे कसं हाईत?"

"कुरकुरीत हाईत, आत्ती," सुगंधा म्हणाली.

हे खोटं ती आठ दिवस बोलत होती. पहिल्या दिवशी बोलली तेव्हा जीभ अडखळली होती. आता अडखळत नव्हती, त्याचंच तिला भय वाटायचं.

खरं म्हणजे चुरमुऱ्यांतलं तिला काही ठाऊक नव्हतं. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून चिंचेचा कोळ, लसणीची चटणी, कांदा, बटाटा सगळं तिच्याकडे. चुरमुऱ्यांच्या डब्याला मात्र हात लावायची परवानगी नव्हती. तो बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा चुलीपासून हातभर लांब, लाकडी फळीवर ठेवलेला असायचा. भिंतीला टेकवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही. झाकणाच्या कडेनं धोतराची पट्टी गच्च बसवलेली. चंद्राक्का हात धुऊन, पदराला पुसून, वर चुलीवर धरून कोरडे करायची आणि मग डबा उघडायची. लागतील तेवढे टोपलीत काढले की लगेच बंद.

सुगंधानं हे सगळं पाहिलं होतं आणि जसंच्या तसं करत होती. एकच गोष्ट तिनं पाहिली नव्हती, कारण ती टॉकीजच्या गेटावर घडायची. रात्री टोपलीत उरलेले चुरमुरे चंद्राक्का घरी आणायचीच नाही. गेटावरच्या भिकाऱ्याला, नाहीतर कोपऱ्यावरच्या शेळीला घालून मोकळी व्हायची. सुगंधा बसायला लागली तेव्हा तिला वाटलं, उरलेले चांगले दोन शेर चुरमुरे वाया कशाला घालवायचे? दिवसभर पावसाळी हवा प्यालेले ते चुरमुरे ती रोज रात्री परत डब्यात ओतायची आणि वर पट्टी गच्च बसवायची. आत आलेली ओल मग आतच राहायची आणि रात्रभरात सगळ्या डब्यात पसरायची.

आत्ता, डब्यात कोपरापर्यंत हात घालून खालचेही चुरमुरे मऊ लागले तेव्हा, तिला ते उमगलं. आपणच केलंय हे. पावसानं नव्हे.

नवे आणावेत तर भडभुंज्याची भट्टी रविवारी बंद. आणि पुलावर पाणी आलंय म्हणून तो गावाला अडकलाय, असं शेजारीण सकाळीच सांगून गेली होती.

माहेरी आई पावसाळ्यात पापड निखाऱ्यावर नुसते दाखवून परत कडक करायची. तसं यांना करता येईल का? तिनं चूल फुंकली, लोखंडी कढई चढवली आणि चार मुठी टाकल्या. जाळ मोठा होता. अर्ध्या मिनिटात तळचे चुरमुरे तपकिरी झाले, धूर आला, आणि वरचे अजून तसेच मऊ.

"काय करपलं गं?" आतून आवाज.

"शेंगदाणं, आत्ती."

"शेंगदाण्याचा वास असा नसतोय."

खाटेची करकर ऐकू आली. म्हातारी उठायचा प्रयत्न करतेय की काय, म्हणून तिनं कान दिला. पण मग कण्हणं ऐकू आलं आणि पुन्हा शांत झालं.

तिनं करपलेले परसात टाकले. चुलीतली लाकडं बाहेर ओढली, फक्त निखारे ठेवले. कढई पुसली, थोडी निवू दिली. या वेळी दोनच मुठी टाकल्या आणि उलथन्यानं नव्हे, कापडाच्या बोळ्यानं हलवत राहिली, थांबलीच नाही. रंग बदलता कामा नये, एवढंच डोळ्यांसमोर ठेवलं. दहा-पंधरा वेळा वरखाली झाल्यावर कढईतून हलका आवाज यायला लागला, वाळलेल्या पानांसारखा. मऊ चुरमुरे मुके असतात. हे बोलायला लागले होते.

गरम गरमच एक तोंडात टाकला. अजून थोडा चिवट! तिचा जीव खाली गेला. पण सुपात काढून ठेवलेले दोन दाणे थोड्या वेळानं उचलले तर बोटांत कडकन फुटून पीठ झालं. तिला रडू आलं. रडायला वेळ नव्हता म्हणून तिनं पुढचा घाणा टाकला.

अडीच वाजेपर्यंत तिनं सगळा डबा दोन-दोन मुठींनी शेकून काढला. पाठ मोडली, डोळे चुलीनं लाल झाले. प्रत्येक घाणा कढईतून सरळ डब्यात जात होता, कारण बाहेर ठेवले तर हवा परत ओल घालेल याची भीती. शेवटचा घाणा पडला तसं तिनं झाकण दाबलं, पट्टी बसवली, वरून सुतळीनं बांधलं, आणि डब्याभोवती घोंगडी गुंडाळली. डबा लेकरासारखा उबदार लागत होता.

"जातो, आत्ती."

"सुगंधा."

ती दारात थांबली.

"काही न्हाई. जा. मालक येणार हाईत म्हणतेस. कांदा बारीक चिर."

विलास टॉकीजपर्यंत ती गुडघाभर पाण्यातून गेली. तीनची घंटा झाली, माणसं छत्र्या मिटत, चिखल झटकत आत शिरली. खेळाआधी भेळ कुणी घेत नसे. तेव्हा शेंगा नाहीतर फुटाणे, आणि भेळ मात्र इंटरव्हलचीच, असा तेव्हाचा रिवाज होता. पांढऱ्या गाडीतून मालक उतरले, भाऊसाहेब इंगवले. मागे मालकीण वहिनीसाहेब, रेशमी साड्यांतल्या दोन पाहुण्या बायका आणि सोन्याच्या चष्म्याचे एक गृहस्थ. पोतनीस छत्री धरून त्यांच्या मागून चालत होते, स्वतः भिजत. जाता जाता त्यांनी सुगंधाकडे एकदा पाहिलं.

गेटाशी तिच्याखेरीज एकटी जनाक्का होती, कणसंवाली. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली शेगडी घेऊन बसायची.

"काय गं, घोंगडीत काय आणलंयस? बाळंतीण झालीस का काय?"

"चुरमुरं हाईत, जनाक्का."

"अगं बया! चुरमुऱ्यास्नी थंडी वाजती व्हय?"

सुगंधाला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. तिनं कांदा चिरला, टोमॅटो चिरला, चिंचेचं पाणी ढवळलं, कोथिंबीर झाकून ठेवली. डबा शेवटी उघडायचा, हे तिला पक्कं माहीत होतं. चारला दहा कमी असताना तिनं नुसतं बघून घ्यावं म्हणून सुतळी सोडली.

झाकण वर आलं आणि त्याच्या आतल्या अंगावरून पाण्याचे थेंब टपटप डब्यात पडले.

क्षणभर तिला कळेचना. डब्यात पाणी शिरलं? पण पट्टी कोरडी होती, घोंगडी कोरडी होती. मग वास आला, भाताच्या पातेल्याचं झाकण काढल्यावर येतो तसा. वाफ. गरम चुरमुऱ्यांची वाफ, बाहेर जायला वाट नाही म्हणून झाकणाला लागून परत चुरमुऱ्यांतच उतरलेली. तिनं वरची मूठ उचलली. दुपारपेक्षाही मऊ. खालची उचलली. तीही तशीच.

दोन तास पाठ मोडून शेकलेलं सगळं तिनं स्वतःच्या हातानं उकडलं होतं.

ती ओट्याला धरून उभी राहिली. आतून पिक्चरच्या मारामारीचा आवाज येत होता, लोक शिट्ट्या मारत होते. ती सगळी माणसं चाळीस मिनिटांनी या दारातून बाहेर येणार होती. त्यांत ते पाच जण. आणि मग संध्याकाळी घरी जाऊन खाटेसमोर उभं राहायचं. काय सांगायचं? सतरा वर्षांची जागा मी पंधरा दिवसांत घालवली? डबा सोडून निघून जावं, असंही एकदा वाटलं. पण जायचं कुठं, हे सुचेना.

"पोरी, पांढरीफटक पडलीस की," जनाक्का म्हणाली. "काय झालं?"

सुगंधानं मूठ पुढं केली. जनाक्कानं एक चुरमुरा उचलला, बोटांत दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"आगं आई गं."

"जनाक्का, तुझी शेगडी दे."

"आणि माझी कणसं कशावर भाजू? माझ्या कपाळावर?"

"इंटरव्हलला तुझ्याकडं कोण येतंय? सगळी आत जाताना नाहीतर सुटल्यावर येत्यात. पाया पडतो तुझ्या."

"पाया नको पडू, चिखल हाय." जनाक्कानं शेगडीवरची दोन कणसं काढून बाजूला ठेवली. "ये हिकडं. पण पत्र्याखालीच. गेटात विस्तू नेलास तर पोतनीस तुला आणि मला दोघींस्नी पंचगंगेत सोडून येईल. आगीला लई भितोय तो."

सायकल स्टँडवाला गणपामामा ओरडला, "ए, माझ्या सायकलींचं टायर वितळतील!"

"वितळली तर पायी जातील लोकं. तुझ्या बापाचं काय जातंय? ती छत्री धर हिकडं, शिंतोडं येत्यात."

सुगंधाकडे कढई नव्हती. भेळ कालवायचं जर्मनचं पातेलं तेवढं होतं, पातळ, एका आचेत करपवणारं. शेगडीतले निखारे कणसांसाठी फुलवलेले, लालबुंद. तिनं बाजूची राख हातानंच त्यावर पसरली, इतकी की वर नुसती ऊब यावी. हाताचा तळवा धरून पाहिला. दहा आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला, तेव्हा पातेलं चढवलं. दोन मुठी. पदराच्या टोकानं हलवायला लागली.

घाई केली की करपतात. थांबलं की करपतात. झाकलं की उकडतात. उघडं ठेवलं की ओल पितात. चारही बाजूंनी भिंती, आणि मधे ही दोन मुठी. चार दिवस पुरतील असे कुरकुरीत चुरमुरे आज कुणालाच करता येणार नाहीत, हे तिला एकदम स्पष्ट दिसलं. पण कुणाला पाहिजेत चार दिवस? पुडा हातात पडल्यापासून संपेपर्यंत, तेवढाच वेळ ते टिकायला हवेत. साठवायचेच नाहीत. शेकायचे, पातळ पसरून दोन मिनिटं निवू द्यायचे, कालवायचे, हातात द्यायचे.

पातेल्यात पानं वाजायला लागली. तिनं चुरमुरे जनाक्काच्या कणसांच्या परातीत पसरले. परात शेगडीला खेटून ठेवली, म्हणजे हवा कोरडी राहील. दुसरा घाणा. तिसरा. मधेच परातीतला एक निवलेला दाणा जनाक्कानं दाताखाली धरला. गणपामामालाही ऐकू गेला असा आवाज झाला.

"बोलला गं बोलला," जनाक्का म्हणाली.

सुगंधानं पहिल्या तीन घाण्यांतले पाच पुड्यांचे चुरमुरे मालकांसाठी म्हणून वेगळ्या ताटात काढले, वर कागद झाकला आणि ओट्यावर मागे सरकवून ठेवले. त्या ताटाकडे बघितलं की तिला जरा धीर यायचा.

घंटा झाली. दारं उघडली आणि कोंडलेली, घामेजलेली, भिजकी गर्दी पोर्चमधून बाहेर लोटली.

"दोन दे, तिखट कर!"

"बाई, इकडं, इकडं!"

"चंद्राक्का मेली का काय?"

"सासूचं राहू दे, बाई. आधी मला एक दे, कांदा कमी."

सुगंधा स्टँडच्या पत्र्याखालून ओट्याकडे आणि ओट्यावरून परत पत्र्याखाली धावत होती. हलवायचं काम जनाक्कानं घेतलं होतं, "मी कणसं भाजती, मला आच शिकवू नकोस," म्हणत. निवलेले चुरमुरे, शेव, फुटाणे, कांदा, चटणी आणि चिंचेचं पाणी अगदी शेवटी, पुड्यातच दोन हेलकावे की तो हातात. कुणी पुडा घेऊन गप्पा मारत उभं राहिलं की ती ओरडायची, "आधी खावा, मग बोला!" स्वतःच्या आवाजाचं तिलाच नवल वाटत होतं. मागे रांग वाढत होती. परातीत चुरमुरे येतील तेवढेच पुडे निघत होते. लोक कुरकुरत होते, पण ज्यांना मिळालं होतं ते परत बोलायला आले नव्हते. एक जण तर दुसरा पुडा मागायला आला.

"पाच पुडे, मालकांचे," पोतनीस मागे उभे होते. "लगेच. चार मिनिटांत दुसरी घंटा आहे."

सुगंधा मागच्या ताटाकडे वळली. ओट्याशी गर्दीत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी मिटलेल्या छत्रीचं टोक बरोबर त्या ताटावर आलं होतं. कागद भिजून चुरमुऱ्यांना चिकटला होता.

परात रिकामी होती. पातेल्यात नुकतेच टाकलेले चुरमुरे होते, अजून मुके.

"काय झालं?"

"साहेब, पाच मिनिटं. शेकतोय."

पोतनीसांनी ओट्याखालच्या उघड्या डब्याकडे पाहिलं. तो अर्धा भरलेला होता. "हे काय मग? टाका की यातले. वर शेव पसरा, चटणी मारा. घाईत कुणाला काय कळतंय?"

"मऊ हाईत ते."

"बाई," ते आणखी हळू बोलले, "मालकांना थांबवून ठेवू? तुम्हाला जागा पाहिजे का नको?"

हात डब्याकडे गेला. खरोखरच गेला. शेव भरपूर घातली, चिंचेचं पाणी जास्त घातलं, तर पहिल्या घासाला कदाचित नसतंही कळलं. पण दुसऱ्या घासाला कळलं असतं. दाढेला चिकटून बसला असता तो घास, आणि तो काढत मालकांनी तिच्याकडे पाहिलं असतं. आठ दिवस खाटेवरून येणाऱ्या प्रश्नाला ती जे उत्तर देत होती, तेच आता पुड्यात घालून द्यायचं होतं.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "न्हाई देत. थांबा म्हणावं."

पोतनीसांचा चेहरा दगडासारखा झाला. ते वळले, आणि वळताना थांबले, कारण भाऊसाहेब इंगवले स्वतः पोर्चच्या पायऱ्या उतरून येत होते. गर्दी बाजूला झाली.

"काय पोतनीस? पाहुणे वाट बघतायत. भेळ संपली का?"

"नाही मालक, बाई जरा..."

"मऊ पडलं व्हतं, मालक," सुगंधा मधेच बोलली. एकदा सुटलं तसं थांबेना. "डबा माझ्या हातनं बिघडला. उरलेलं परत टाकत गेलो, म्हणून. शेकून आणलं ते गरमच कोंडलं, म्हणून परत मऊ झालं. आता इथं थोडं थोडं शेकतोय. तुमचं काढून ठेवलेलं भिजलं. पाच मिनिटं लागतील. मऊ दिलं तर आत्तीचं नाव जाईल."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपण हे काय केलं. नुसतं पाच मिनिटं म्हणालो असतो तरी चाललं असतं.

मालकांनी डब्यात हात घातला, एक चुरमुरा घेतला, चावला आणि पुष्कळ वेळ चावत राहिले. मग थुंकले. कुणी हसलं नाही.

दुसरी घंटा झाली. गर्दी आत ओढली गेली, अर्धवट रांग सुटली. पोतनीस घड्याळाकडे बघत उभे. मालक आत गेले नाहीत. पत्र्याखाली दोन सायकलींच्या मधे धोतर सावरून उभे राहिले आणि पातेल्याकडे बघत म्हणाले, "शेक."

जनाक्का सरकली. पातेलं सुगंधानं घेतलं. तेवढी लांब पाच मिनिटं तिच्या आयुष्यात दुसरी नव्हती. पदर फिरत होता, वर पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यात पातेल्यातला आवाज ऐकू येईना. बोटं आत घातली, गरम. अजून नाही. आणखी थोडं. रंग बदलतोय का? नाही, सावली आहे. आता? तिनं पातेलं उतरवलं, परातीत पसरलं.

"झाले?"

"न्हाई मालक. गरम हाईत. गरम असताना चिवटच लागत्यात. निवू द्या."

"मालकांना उभं करून ठेवता होय?" पोतनीस पुटपुटले.

"गप बसा हो," मालक म्हणाले.

ती मनातल्या मनात आकडे मोजत होती. ऐंशीला तिनं एक दाणा उचलला. दाबायची हिंमत होईना. मग दाबला.

कडक्.

पुढचं तिच्या हातांनी केलं. पाच पुडे, शेव, कांदा, चटणी, पाणी, दोन हेलकावे. चार पुडे पोतनीसांनी उचलले आणि जवळजवळ धावतच आत गेले. पाचवा मालकांनी तिथंच उभ्यानं उघडला, पुठ्ठ्याच्या तुकड्यानं घास तोंडात घातला. पावसाचा एवढा आवाज असूनही तिला ऐकू आलं. दुसरा घासही तसाच वाजला. तिसराही. पुडा संपेपर्यंत ती त्यांच्या जबड्याकडे बघत राहिली.

पोतनीस परत आले. "वहिनीसाहेब म्हणतायत, आणखी दोन मिळतील का."

मालकांनी कागद चुरगाळला. "चंद्राक्का कुठाय?"

"घरी हाय, मालक. मांडी मोडलीया."

"कधी?"

"पंधरा दिस झालं."

"मग मला कुणी सांगितलं नाही ते?" हे पोतनीसांकडे बघून. पोतनीस छत्रीच्या मुठीकडे बघायला लागले. "त्या बाटल्यावाल्याला काय सांगून ठेवलंय तुम्ही?"

"सोमवारी ये म्हणून, मालक."

"त्याला आत जागा द्या, जिन्याखाली. गेट हिचंच राहू दे." ते वळले आणि दोन पावलांवर जाऊन पुन्हा थांबले. "आणि हे बघ बाई, पावसाळा संपेपर्यंत शेगडी इथंच ठेव. स्टँडाखाली. गेटात आणलीस तर मीच उचलून टाकीन."

"माझी शेगडी हाय ती!" जनाक्का म्हणाली, पण मालक पायऱ्या चढून गेले होते.

वहिनीसाहेबांचे दोन पुडे निघाले. गेट रिकामं झालं. आतून गाण्याचे सूर यायला लागले. सुगंधा ओट्यावर बसली आणि आता कुठं तिचे हात कापायला लागले, इतके की चटणीचा चमचा ताटलीत वाजत राहिला.

"आता कशाला थरथरतीस?" जनाक्का म्हणाली. "झालं की सगळं."

"न्हाई झालं. आत्तीला सांगायचंय."

"काय?"

"आठ दिस खोटं बोलत आलो ते. डबा बिघडवला ते."

"मग सांग की."

"ती काय करंल?"

जनाक्कानं आपल्या कणसांपैकी एक निखाऱ्यावर ठेवलं आणि राख थोडी बाजूला सारली. "तुझी सासू? चार दिवस तोंडात आलं ते बोलंल. मग डबा उन्हात कसा तापवून घ्यायचा ते सांगंल. ऊन पडलं तर."

पाऊस तसाच पडत होता. सहाच्या खेळाला अजून सव्वा तास होता. सुगंधानं हात बसावा म्हणून डब्यातले आणखी दोन मुठी चुरमुरे पातेल्यात टाकले आणि पदराचं टोक धरून ते हळूहळू हलवायला लागली.